पत्त्याची चिठ्ठी: गोष्टीतून पॉइंटर

या गोष्टीत एक लांबच लांब गल्ली आहे. तिच्यातली घरे एकमेकांना लागून आहेत आणि त्यांना शून्यापासून ओळीने क्रमांक दिलेले आहेत. गल्ली म्हणजे संगणकाची मेमरी आणि एक घर म्हणजे एक बाइट. एका घरात ० ते २५५ यांपैकी एकच संख्या मावते. त्याहून मोठी संख्या ठेवायची तर शेजारची घरेही घ्यावी लागतात. सी भाषेतला `int` आजच्या बहुतेक संगणकांवर चार घरे घेतो आणि त्यांतल्या पहिल्या घराचा क्रमांक हाच त्याचा पत्ता ठरतो.

```c
int vay = 12;
int *p = &vay;
*p = 13;
```

समजा, `vay` १००० ते १००३ या घरांत राहते. `&vay` म्हणजे तिचा पत्ता, १०००. हा पत्ता लिहिलेली चिठ्ठी म्हणजे पॉइंटर `p`. चिठ्ठी ठेवायलाही जागा लागतेच. ६४ बिटच्या संगणकावर ती स्वतःच आठ घरे अडवते. तिसऱ्या ओळीतला `*p` सांगतो, की चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जा. तिथे १२ च्या जागी १३ येतात, चिठ्ठीवर मात्र १००० तसेच राहतात. मुलांचा गोंधळ होतो तो इथेच: `*p` ला नवी किंमत दिली की घरातला ऐवज बदलतो, `p` ला दिली की चिठ्ठीवरचा पत्ता बदलतो.

`q = p` असे लिहिले तर चिठ्ठीची नक्कल होते, घराची नाही. आता दोन्ही चिठ्ठ्या एकाच दारी नेतात. `p + 1` चे उत्तर १००१ नसून १००४ येते, कारण ही चिठ्ठी चार-चार घरांच्या `int` साठी आहे हे कंपायलरला ठाऊक असते.

खरी अडचण घर सोडल्यावर येते. `malloc` ने मागून घेतलेली जागा `free(p)` ने परत केली, तरी चिठ्ठीवरचा पत्ता पुसला जात नाही. त्या घरात पुढे दुसरे कोणी राहायला येऊ शकते. जुनी चिठ्ठी घेऊन गेल्यास कधी जुनीच संख्या सापडते, कधी भलतीच. म्हणून आज बरोबर चाललेला प्रोग्राम उद्या बिघडतो आणि चूक सापडता सापडत नाही. यावर उपाय म्हणून जागा परत करताच `p = NULL` लिहितात. अशी चिठ्ठी घेऊन निघालेला प्रोग्राम बहुधा तिथल्या तिथे `Segmentation fault` म्हणून थांबतो आणि चुकीची जागा कळते. मात्र `q` ही वेगळी चिठ्ठी असल्याने तिच्यावरचा जुना पत्ता तसाच राहतो. तीही आठवणीने कोरी करावी लागते.

गोष्टीला एक मर्यादा आहे. आजच्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र गल्ली दिल्यासारखे भासवते. त्यामुळे दोन प्रोग्राममधला एकच पत्ता सहसा दोन निरनिराळ्या घरांचा असतो आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या कामाची नसते.