कबनूरच्या एका पेढीचे तीन नकाशे

इचलकरंजीला लागूनच असलेल्या कबनूरमध्ये मागांच्या शेडशेजारी ऑफिस, ऑफिसमागे घडी खातं अशी मांडणी सर्रास दिसते. अशाच एका कापड पेढीच्या संगणक-जोडणीचं काम मी सुरुवातीपासून बघतो. तिथल्या फायलीत जोडणीचे तीन कागद आहेत. पहिला ब्रॉडबँड गावात नवं होतं तेव्हाचा, दुसरा जीएसटी आला त्या वर्षीचा, तिसरा आत्ताचा. ते शेजारी शेजारी ठेवले की बिघाडाची जागा वर्षागणिक कशी सरकत गेली ते दिसतं.

बीएसएनएलची डाटावन सेवा 2005 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून लहान पेढ्यांपर्यंत पोचली. पहिल्या कागदावर वर एक ढग काढलाय, म्हणजे इंटरनेट. ढगातून आलेली रेघ मोडेममध्ये शिरते, तिथून दिवाणजींच्या संगणकात, तिथून आठ पोर्टच्या स्विचमध्ये आणि मग बाकीच्या संगणकांकडे. राउटर नावाची पेटी या कागदावर कुठेच नाही. तरीही राउटर आहे, कारण तो असल्याशिवाय एका जोडणीवर चार संगणक चालणारच नाहीत.

तो शोधायचा तर पेट्यांची नावं बाजूला ठेवायची आणि बाहेरचं जग नि आतलं जग कुठे भेटतं ते बघायचं. ज्याचा एक पाय ढगाकडे आणि दुसरा आतल्या पत्त्यांत, तो राउटर. इथे तो दिवाणजींचा संगणक होता. त्यात दोन नेटवर्क कार्डं होती, एक मोडेमकडे आणि एक स्विचकडे. विंडोज एक्सपीमध्ये इंटरनेट वाटून देण्याची सोय सुरू केली की त्या संगणकाचा आतला पत्ता 192.168.0.1 होतो आणि बाकीचे त्याच्यामार्फत बाहेर जातात. स्विचला हे बाहेरचं काहीच ठाऊक नसतं. आतल्या एका संगणकाचं बोलणं बरोबर दुसऱ्या संगणकाच्या तारेवर टाकायचं, एवढंच त्याचं काम. म्हणून ज्या पेटीतून अनेक रेघा फुटतात आणि त्या सगळ्यांवर एकाच मालिकेतले पत्ते असतात, ती स्विच.

हे कळलं की दिवाणजी जेवायला जाताना संगणक बंद करत, तेव्हा मालकांचं ईमेल का थांबायचं ते उघड होतं. टॅलीचा डेटाही त्याच संगणकात होता. म्हणजे तो बंद पडला की बाहेरचा रस्ता जाई आणि आतलं खातंही जाई. कागदावर त्या चौकोनावर बोट ठेवलं की खालचा प्रत्येक संगणक ढगापासून तुटतो. दुबळी जागा शोधायची माझी रीत आजही तीच आहे. एकेक पेटी, एकेक रेघ बोटाने झाकायची आणि कोण कोण तुटलं ते मोजायचं.

दुसरा कागद 2017 चा. 1 जुलैला जीएसटी लागू झाला आणि पुढच्या 1 एप्रिलपासून ई-वे बिल आलं. कापडाचा ट्रक दारात उभा असताना नेट नसणं परवडेनासं झालं. या कागदावर मोडेम आणि राउटर एकाच पेटीत आलेत, पत्ता 192.168.1.1. दिवाणजींचा संगणक आता इतरांसारखाच एक, त्याच्यावर बोट ठेवलं तर टॅली तुटते पण बाहेरचा रस्ता चालू राहतो. हा फरक मोठा होता. मात्र याच कागदावर नवी रेघ दिसते. ऑफिसच्या स्विचमधून एक तार मागांच्या शेडवरून घडी खात्यात गेलीय, तिथे पाच पोर्टचा दुसरा स्विच आणि त्यावर एक संगणक.

अशा तांब्याच्या तारेला शंभर मीटरची मर्यादा असते. ही तार तिच्या आत होती, त्यामुळे लांबीचा प्रश्न नव्हता. प्रश्न शेडचा होता. माग चालू असताना भिंतही थरथरते आणि तारेच्या टोकाची प्लास्टिकची चाप तुटलेली असेल तर ते टोक पोर्टातून हळूहळू सैल होतं. सुताचा बारीक कापूस स्विचच्या भोकांत बसतो नि पेटी तापते. हे नकाशावर दिसत नाही. तिथे फक्त दोन स्विच एकामागे एक दिसतात. पण एवढं तरी वाचता येतं की घडी खात्याचा संगणक दोन पेट्या आणि एका लांब तारेवर अवलंबून आहे, ऑफिसातला एकाच पेटीवर.

तिसऱ्या कागदावर तांब्याची जागा फायबरने घेतली. ढगातून आलेली रेघ आता भिंतीवरच्या ओएनटीमध्ये उतरते आणि राउटरचं कामही तीच पेटी करते. पावसाळ्याच्या तोंडावर टेलिफोनच्या तारेतून वीज येऊन मोडेम जळायचे, ते जवळजवळ थांबलं. घडी खात्यातल्या स्विचवर आता कॅमेऱ्यांची पेटी आली आणि एक वायफायची पेटीही आली.

या वायफायच्या पेटीने सगळ्यांना बरेच दिवस सतावलं. सकाळी ऑफिस उघडलं की कधी घडी खात्याला टॅली दिसायची नाही, कधी मालकांच्या संगणकावर नेट नसायचं, पुन्हा चालू केलं की ठीक. ज्या दिवशी जो संगणक बिघडे तो दुसऱ्या दिवशी धड असे. तार तुटली असती तर एकच माणूस रोज तुटला असता. बिघाड जागा बदलतोय म्हणजे तार बघायचं कारण नाही, पत्ते बघायचे. बिघडलेल्या संगणकावर क्रमाने हे दिलं:

```
ipconfig
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
ping google.com
```

या चार ओळी म्हणजे नकाशावरून खालून वर चालत जाणं आहे. पहिली स्वतःचा पत्ता सांगते, दुसरी राउटरपर्यंत पोचतो का ते, तिसरी ढगात जातो का ते, चौथी नावावरून पत्ता सापडतो का ते. जिथे उत्तर थांबतं, त्याच्या लगेच आधीच्या रेघेपासून शोध सुरू करायचा. इथे पहिल्याच ओळीत उत्तर मिळालं. Default Gateway समोर 192.168.1.1 असायला हवं होतं, होतं 192.168.0.1.

नकाशावर परत गेलो. राउटरच्या दोन खुणा होत्या, ढगाकडे जाणारी रेघ मात्र एकीलाच. ही वायफायची पेटीसुद्धा राउटरच होती आणि ती आतल्या पोर्टमधून स्विचला जोडलेली होती. त्यामुळे संगणक चालू होऊन पत्ता मागायला लागला की दोन्ही पेट्या पत्ता द्यायला धावत आणि जिचं उत्तर आधी येई तिचा पत्ता संगणक घेई. वायफायच्या पेटीकडून घेतला तर त्याचा रस्ता अशा दाराकडे जाई ज्याच्या पलीकडे काही नाही. उपाय साधा होता. त्या पेटीचं पत्ते वाटणं बंद केलं, तिला 192.168.1.2 दिला आणि तिचं बाहेरच्या रेघेचं पोर्ट मुद्दाम रिकामं ठेवलं.

यानंतर मालकांनी विचारलं, घडी खात्याला अजून एक तार टाकू का, एक तुटली तर दुसरी चालेल. ऐकायला हे बरोबर वाटतं. पण साध्या, स्वस्त स्विचना दोन तारांमधली एक बाजूला ठेवायची अक्कल नसते. सगळ्यांना उद्देशून टाकलेला एक संदेश दोन स्विचमध्ये गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि काही क्षणांत सगळे दिवे एकदम फडफडू लागतात. अख्खं ऑफिस बंद. दुसरी तार टाकायचीच तर ती भिंतीत टाकून टोकं मोकळी ठेवा, पहिली तुटली की हाताने लावा, असं सांगितलं आणि तसंच केलं. बाहेरच्या दुसऱ्या जोडणीचंही तसंच. दोन कंपन्यांच्या तारा एकाच खांबावरून येत असतील तर कागदावर दोन रेघा दिसतात, पण खांबावर बोट ठेवलं की दोन्ही जातात. म्हणून ई-वे बिलासाठी इथे मोबाइलचं नेट राखीव ठेवलंय, ते त्या खांबावरून येत नाही.

तिसऱ्या कागदावर शेवटी पेन्सिलने प्रत्येक पेटीशेजारी लिहिलं, ही कुठल्या बोर्डावर आहे. ओएनटी इन्व्हर्टरवर, ऑफिसचा स्विच साध्या लाइटवर, घडी खात्याचा स्विच शेडच्या बोर्डावर. लाइट गेल्यावर मोबाइलला ओएनटीचं वायफाय मिळतं पण संगणकांना नेट नाही, याचं कारण त्या नोंदींत आहे. शेडचा मेन बंद केला की कॅमेऱ्यांची पेटी आणि घडी खातं दोन्ही एकदम का जातात, तेही. सध्या ऑफिसचा स्विच इन्व्हर्टरवर घ्यायचं काम चालू आहे. घडी खात्याच्या स्विचसाठी वेगळी वायर ओढावी लागेल, आणि ती शेडवरून नेता येणार नाही.