२२ मिनिटांत फणसवाडी ते फ्रँकफर्ट
खात्याची राखण : लेखांक ६

समजा, गिरगावच्या फणसवाडीतल्या एका सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपच्या मुलाने सकाळी १०.१४ ला मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये साइन-इन केलं. १०.३६ ला त्याच खात्यात फ्रँकफर्टहून साइन-इन झालं. अंतर साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे वेग ताशी जवळपास अठरा हजार! प्रवासी विमान नऊशेच्या आसपास उडतं. म्हणून ‘इम्पॉसिबल ट्रॅव्हल’चा अलर्ट आला.

अलर्टला माणूस दिसत नाही. त्याला आयपी ॲड्रेस दिसतो आणि त्यावरून तो गावाचा अंदाज बांधतो. मुलाने व्हीपीएन लावला असेल, तर तो गिरगावात बसूनही जर्मनीत दिसेल. म्हणून आधी साइन-इन लॉगमध्ये Device ID पाहावा. दोन्ही नोंदींत ऑफिसचाच लॅपटॉप असेल आणि मुलगा ‘हो, व्हीपीएन माझाच’ म्हणत असेल, तर अलर्ट बंद करावा. विचारायचं मात्र फोनवर. मेल चोरही वाचत असू शकतो.

डिव्हाइस अनोळखी असेल, तर साइन-इन कुठवर पोचलं ते एरर कोड सांगतो. 50126 म्हणजे पासवर्डच चुकला. तेवढ्यावरून रिसेटची गरज नाही. 50074 म्हणजे पासवर्ड बरोबर होता, गाडी ओटीपीसारख्या दुसऱ्या पायरीवर अडली. इथे पासवर्ड फुटला असं धरून तो लगेच बदलावा.

सर्वांत फसवी नोंद ‘Success’ आणि दुसरी पायरीही पूर्ण, अशी असते. ‘ओटीपी दिलाय, म्हणजे तोच असणार’ असं वाटतं. पण खोट्या लॉगिन पानामागे चोराचा सर्व्हर बसलेला असेल, तर मुलगा स्वतःच पासवर्ड आणि ओटीपी देतो. सर्व्हर ते खऱ्या पानाकडे पोचवतो आणि परत आलेली सेशन कुकी ठेवून घेतो. ती कुकी हातात असली की चोराला पुन्हा पासवर्ड लागत नाही. अशा वेळी नुसत्या रिसेटवर विसंबू नये, सेशनही रद्द करावीत.

क्रम महत्त्वाचा. आधी खात्याचं साइन-इन थांबवा, मग पासवर्ड बदला, मग सेशन रद्द करा:

```
Revoke-MgUserSignInSession -UserId <खात्याचा ईमेल>
```

जुना पासवर्ड तसाच ठेवून सेशन रद्द केली, तर चोर पुन्हा आत शिरू पाहतो. शिवाय आधीच दिलेलं ॲक्सेस टोकन काही ॲपमध्ये तासभर किंवा थोडं अधिक चालू राहतं, म्हणून त्या वेळात लॉगवर नजर हवी.

साइन-इन पुन्हा सुरू करण्याआधी दोन गोष्टी तपासा : ओटीपीसाठी नवा फोन नोंदवला गेलाय का, आणि मेल बाहेर पाठवणारा नियम इनबॉक्समध्ये बसवलाय का. पासवर्ड बदलून यांतलं काहीच आपोआप निघत नाही. ते नियम शोधायचे कसे, हे पुढच्या लेखांकात.