गोदावरीच्या उलट वाहणाऱ्या नद्या

वर्धा नदी चंद्रपूर जिल्ह्याच्या कडेने दक्षिणेकडे उतरते, वैनगंगेला मिळते, दोघींची मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीत जाते. तिथून सगळे पाणी आग्नेयेकडे, बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. पण याच खोऱ्यात, कोळशाच्या थरांच्या वर-खाली, सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचा एक वालुकाश्म आहे. भूशास्त्रज्ञ त्याला झारखंड-बंगालकडच्या एका नदीवरून ‘बराकार’ म्हणतात. ही वाळू ज्या नद्यांनी आणली, त्या मुख्यतः वायव्येकडे आणि उत्तरेकडे वाहत होत्या, म्हणजे आजच्या जवळजवळ उलट. त्या नद्यांचा ना काठ शिल्लक आहे ना उगम. तरीही त्यांची दिशा ठामपणे सांगता येते, कारण ती खडकातल्या तिरप्या रेघांत राहिली आहे.

उघड्या कोळसाखाणीच्या पायऱ्यांवर किंवा ओढ्याच्या दरडीत हा वालुकाश्म पाहिला, की आधी दिसतात ते साधारण आडवे, जाड थर. नीट पाहिले तर एकेका थराच्या पोटात बारीक रेघांचा एक संच दिसतो, आणि त्या सगळ्या रेघा एकाच बाजूला झुकलेल्या असतात. खालच्या थरातल्या रेघांचा झुकाव पुन्हा थोडा वेगळा. या रचनेला क्रॉस-बेडिंग किंवा तिर्यक स्तरण म्हणतात. जमीन नंतर कलल्यामुळे या रेघा तिरक्या झालेल्या नाहीत. वाळू मुळात तशीच, उतारावर साचली.

नदीच्या तळाशी वाळू सपाट पसरलेली नसते, तिचे उंचवटे होतात. उंचवट्याचा प्रवाहाकडचा उतार सौम्य असतो. पाणी कण ढकलत ढकलत त्यावरून माथ्यावर नेते. माथा ओलांडला की पलीकडे एकदम आडोसा मिळतो आणि कण उतारावरून घरंगळतात. धान्याच्या राशीवर आणखी दाणे ओतले की ते एका ठरावीक उतारावरच थांबतात, तसेच इथेही होते. कोरड्या वाळूसाठी हा उतार साधारण तीस ते चौतीस अंशांचा असतो. असा प्रत्येक लोंढा एक पातळ पापुद्रा सोडून जातो. मागून कण खरवडले जातात, पुढे साचतात आणि अख्खा उंचवटा प्रवाहाबरोबर पुढे सरकतो. मागून येणारा उंचवटा आधीच्याचा माथा कापून टाकतो, उरते ते फक्त तळाकडचे तिरपे पापुद्रे. म्हणून नियम सोपा आहे: पापुद्रे ज्या दिशेला खाली उतरतात, त्या दिशेला पाणी वाहत होते.

याच कापाकापीतून आणखी एक गोष्ट कळते. पापुद्रे वरच्या टोकाला चटकन तुटलेले असतात आणि खाली तळाशी हळूहळू सपाट होत टेकतात. घड्या पडून खडकाचा थर उलटा झाला असेल, तर तुटलेली बाजू खाली दिसते. दिशा मोजण्याआधी ही खात्री करून घ्यावी लागते.

नियम सोपा असला तरी मोजणे तितके सोपे नाही, कारण दरड म्हणजे खडकाचा एकच काप. तो प्रवाहाच्या दिशेने गेला असेल तर पापुद्र्यांचा खरा उतार दिसतो. प्रवाहाला तिरका गेला असेल तर उतार खऱ्यापेक्षा कमी दिसतो. प्रवाहाला अगदी आडवा गेला तर रेघा सपाट भासतात किंवा वाटीसारख्या दोन्ही बाजूंनी मध्याकडे झुकलेल्या दिसतात. उंचवट्याचा माथा सरळ नसून वळणदार असेल तर त्याच्या पुढे खळगे पडतात, आणि पापुद्रे त्या खळग्यांत साचतात. अशा ठिकाणी एकच भिंत बघून एकाने ‘डावीकडे’ लिहिले आणि दुसऱ्याने ‘उजवीकडे’, तर दोघेही चुकलेले असू शकतात, कारण नदी कदाचित थेट त्यांच्या अंगावर येत होती.

म्हणून जाणकार माणूस कोपरा शोधतो, जिथे एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन भिंती मिळतात. दोन्हींवरची रेघ जुळवली की पापुद्र्याचा पूर्ण पृष्ठभाग डोळ्यांसमोर येतो, आणि मग होकायंत्राने त्याच्या खऱ्या उताराची दिशा घेता येते. त्याहून उत्तम म्हणजे खडकाचा वरून दिसणारा सपाट पृष्ठभाग, ओढ्याच्या पात्रात मिळतो तसा. त्यावर खळग्यांमधले पापुद्रे एकामागून एक कमानींसारखे दिसतात. कमानीची फुगीर बाजू प्रवाह येतो तिकडे असते, उघडी बाजू प्रवाह जातो तिकडे. कमानीच्या मधोमध रेघ ओढली की दिशा मिळाली.

तरंगचिन्हांचे तत्त्व तेच, फक्त माप लहान. वाळूवरच्या या वळ्या दोन-चार सेंटीमीटरांहून उंच नसतात आणि त्या बारीक वाळूतच उठतात. बराकारमधली बरीचशी वाळू भरड आहे, तिच्यात त्या सापडत नाहीत. त्या बघायच्या तर जाड थराच्या माथ्याकडच्या बारीक, मातकट वालुकाश्मात. वाहत्या पाण्याची वळी एका बाजूला सौम्य आणि दुसऱ्या बाजूला उभी असते. उभी बाजू प्रवाह जातो तिकडे, आणि दिशा माथ्याच्या रेघेला काटकोनात. दोन्ही बाजू सारख्याच असतील तर ती लाटांची खूण. लाट पाण्याला पुढे-मागे हलवते, त्यामुळे अशा वळ्यांवरून हालचालीची रेषा तेवढी कळते. पाणी ‘वायव्येकडे’ गेले की ‘आग्नेयेकडे’, हे त्या सांगू शकत नाहीत.

वळ्यांवर जास्त भिस्त ठेवू नये, याला आणखी एक कारण आहे. पूर असतो तेव्हा मोठे उंचवटे मुख्य पात्राच्या दिशेने सरकतात. पूर ओसरला की वाळूच्या बेटावरून उरलेले पाणी जिथे वाट मिळेल तिथे, बऱ्याचदा आडवे, निघून जाते आणि आपल्या छोट्या वळ्या उमटवून जाते. एकाच दरडीत खालचा जाड थर वायव्य दाखवतो आणि माथ्यावरच्या वळ्या नैर्ऋत्य, असे झाले तर दोन्ही खरे असू शकतात. नदीची दिशा ठरवताना मोठ्या तिर्यक स्तरांना मान द्यायचा आणि वळ्यांची नोंद वेगळी ठेवायची. दरडीखाली पडलेली फरशी कितीही सुंदर वळ्यांची असली, तरी दिशेसाठी तिचा उपयोग नाही, कारण ती पडताना कशी फिरली कोणास ठाऊक.

नंतर जमीन कलली असेल तर तो कल वजा करावा लागतो. समजा, पापुद्रे मुळात पूर्वेकडे पंचवीस अंश झुकलेले होते आणि पुढे सगळा थर पश्चिमेकडे तीस अंश कलला. आज तेच पापुद्रे पश्चिमेकडे पाच अंश झुकलेले दिसतील, आणि बेसावध माणूस नदी नेमकी उलटी वाहवेल. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोन मापे घ्यायची: पापुद्र्याचे आणि ज्या मुख्य थरात तो आहे त्या थराचे. मग मुख्य थर कागदावर किंवा संगणकावर पुन्हा आडवा करून पापुद्र्याची मूळ दिशा काढायची. मुख्य थराचा कल चार-पाच अंशांचाच असेल तर फरक नगण्य राहतो.

आता सरासरी. नदी वळणे घेते, त्यामुळे दहा मापे दहा दिशा दाखवतात. उदाहरणादाखल पाच मापे घेऊ. उत्तर शून्य धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले अंश असे: 300, 320, 335, 350 आणि 15. सगळी मापे वायव्य-उत्तरेकडची आहेत. पण बेरीज करून पाचने भागले तर 264 येते, म्हणजे जवळजवळ पश्चिम, जिकडे एकही माप नव्हते! दोष 15 या आकड्याचा. तो 350च्या शेजारी आहे, पण बेरजेला ते कळत नाही. योग्य रीत अशी: आलेख कागदावर प्रत्येक दिशेचा एक सेंटीमीटरचा बाण काढायचा आणि एकाच्या टोकाला दुसरा जोडत जायचे. पहिल्या बाणाची सुरुवात आणि शेवटच्याचे टोक जोडणारी रेघ म्हणजे सरासरी दिशा. इथे ती 336 अंश येते, म्हणजे उत्तर-वायव्य. त्या रेघेची लांबीही बोलकी असते. पाच बाणांची मिळून पाच सेंटीमीटर वाटचाल झाली आणि थेट अंतर साडेचार सेंटीमीटर भरले, म्हणजे मापांचे एकमत चांगले आहे. तेच अंतर एक सेंटीमीटर भरले असते, तर सरासरी सांगण्यात अर्थ नव्हता.

बराकारची कहाणी अशाच मापांच्या ढिगातून उभी राहिली. तिर्यक स्तर मोजून जुने प्रवाह शोधण्याची वाट एकोणिसाव्या शतकात शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी घालून दिली होती. अलीगढ मुस्लिम विद्यापीठातले एस. एम. कश्यप यांनी 1973 मध्ये द्वीपकल्पातल्या बराकार वालुकाश्मांच्या प्रवाहदिशांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या खोऱ्यांत एकाच बाजूचा कौल मिळाला, याला वजन आहे. एका दरडीतला वायव्य प्रवाह हे नदीचे एखादे वळण असू शकते, साऱ्या खोऱ्यांतला वायव्य प्रवाह म्हणजे जमिनीचा उतार.

तो उतार आग्नेयेकडून येत होता, म्हणजे आज जिथे बंगालचा उपसागर आहे त्या बाजूने. तेव्हा तिथे समुद्र नव्हता. भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला चिकटलेला होता आणि उंच प्रदेश त्या अंगाला होता. समुद्र उघडला तो दोन्ही खंड वेगळे झाल्यावर, फार नंतर. गोदावरीला आग्नेयेकडे जायला उतार आणि मुक्काम मिळाला तो त्याच्याही पुढच्या घडामोडींत. ‘वायव्य’ हा शब्द मात्र आजच्या नकाशावरचा समजायचा. त्या काळी भारत दूर दक्षिणेला होता आणि वेगळ्या कोनात फिरलेला होता, त्यामुळे त्या वेळच्या उत्तरेशी या दिशेचा मेळ घालायचा तर खडकातल्या चुंबकत्वासारखा दुसरा पुरावा लागतो.

तिर्यक स्तर आणखी एका गोष्टीबद्दल गप्प राहतात. वाळू कोणत्या बाजूने आली ते त्यांच्यावरून कळते, किती लांबून आली ते नाही. त्यासाठी कणांकडे वळावे लागते. बराकारच्या वाळूत फेल्डस्पार हे खनिज भरपूर आहे. उष्ण-दमट हवेत ते लवकर कुजते आणि त्याची चिकणमाती होते. ते टिकले आहे, त्यावरून ग्रॅनाइटसारख्या खडकांची झीज चालू होती आणि वाळू कुजण्याआधीच गाडली गेली, असा अंदाज बांधता येतो. दिशा पापुद्र्यांकडून घ्यायची आणि उगमाचा खडक कणांकडून. दोन्ही उत्तरे एकाच प्रदेशाकडे बोट दाखवू लागली, की नकाशावर त्या नदीची रेघ ओढायला हरकत नाही.