वहीतल्या टिपणांतून कानाची कार्डे

पाश्चात्त्य संगीतशास्त्राच्या वहीत ‘परफेक्ट फोर्थ म्हणजे 5 सेमीटोन, परफेक्ट फिफ्थ म्हणजे 7’ असे टिपण असते. ते तसेच कार्डावर उतरवले, तर आकडे पाठ होतात, कान तयार होत नाही. म्हणून कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त दोन स्वरांचे ध्वनिमुद्रण हवे. मागे अंतराचे नाव आणि काय ऐकायचे याची खूण.

ही खूण टिपणात क्वचितच मिळते, ती घडवावी लागते. फोर्थ आणि फिफ्थ यांची गल्लत फार होते. दोन्ही स्वर एकत्र वाजवले, की फिफ्थमध्ये खालचा स्वर मुक्कामाचा वाटतो, फोर्थमध्ये वरचा. तानपुरा ऐकणाऱ्याला हे पटकन उमगते: मंद्र पंचमापासून षड्जापर्यंतचे अंतर फोर्थच असते आणि आधार वाटतो तो षड्जाचा.

सगळी कार्डे सी स्वरापासून केली, तर मात्र घात होतो. शिकणारा अंतर ओळखण्याऐवजी एफ किंवा जी हा स्वरच लक्षात ठेवतो. ई–ए वाजवल्यावर तो अडखळला, की हे उघड होते. म्हणून एकाच फोर्थची सी–एफ, ई–ए, जी–सी अशी वेगवेगळी कार्डे करावीत.

कॉर्डच्या कार्डात खूण मधल्या स्वराची असावी. सी मेजरमध्ये सी, ई, जी. सी मायनरमध्ये फक्त ई एक सेमीटोन उतरतो. मेजर ‘आनंदी’, मायनर ‘उदास’ ही खूण लय किंवा वाद्य बदलताच फसवते. त्यापेक्षा मधला स्वर गुणगुणून तळाच्या स्वराशी ताडून पाहणे भरवशाचे.