नोकरीची खातरजमा : उत्तर कोणाला आणि किती?

रायपूरजवळच्या सिलतरा औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्याच्या कार्मिक अधिकाऱ्याने अलीकडे मला एक पत्र दाखवले. एका कामगाराने गृहकर्जासाठी अर्ज केला होता आणि बँकेच्या वतीने पडताळणी करणाऱ्या संस्थेने विचारले होते : पद, रुजू झाल्याची तारीख, पगार, वर्तणूक, राजीनामा दिला आहे काय, पुढे नोकरी टिकेल काय.

यातले काय सांगता येते याचा विचार आपल्याकडे एका वेगळ्या वाटेने झाला. भविष्यनिर्वाह निधीच्या अकोला कार्यालयात काम केलेल्या एका अधिकाऱ्याचा पगार, मेमो आणि मालमत्ता यांची माहिती गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी माहिती अधिकारात मागितली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती नाकारली. सेवेतील कामगिरी हा मुख्यतः कर्मचारी आणि नियोक्ता यांच्यातील विषय आहे, असे त्यात म्हटले. सरकारी नोकराबाबत हे, तर खासगी कारखान्याने परक्याला उत्तर देताना हात अधिकच आखडता घ्यायला हवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नोकरीच्या प्रयोजनासाठी नियोक्त्याला विनासंमती माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. पण कामगाराचे गृहकर्ज हे नियोक्त्याचे प्रयोजन नव्हे. तिथे संमतीच लागते, असे माझे वाचन आहे.

म्हणून फोनवर उत्तर नाहीच. आधी बँकेच्या अधिकृत ई-मेल पत्त्यावरून लेखी विचारणा आणि तिच्यासोबत कामगाराच्या सहीचे संमतिपत्र मागावे. मग बँकेच्या संकेतस्थळावरून क्रमांक घेऊन शाखेत विचारावे. पत्रावरच्या क्रमांकावर विचारू नये, कारण तोतया तिथेच बसलेला असतो. शेवटी खुद्द कामगाराला विचारावे. संमती मिळेपर्यंत तो आमच्याकडे आहे की नाही, हेही सांगू नये.

आमचे उत्तर तीन ओळींचे झाले : पद, रुजू झाल्याची तारीख, आणि ‘आजच्या तारखेस सेवेत आहे’. संमतिपत्रात पगाराचा उल्लेख होता. तरी आकडा नव्याने न लिहिता ‘सोबतची वेतनचिठ्ठी आमच्या नोंदीशी जुळते’ एवढेच कळवले. घरमालकाने विचारले असते, तर संमती घेऊनही सेवेत असल्याचे सांगणे पुरे होते. भाडेकरूची चारित्र्य पडताळणी हे पोलिसांचे काम आहे.

खरी मेख राजीनाम्याच्या प्रश्नात आहे. इतरांसाठी ‘नाही’ लिहायचे आणि ज्याने खरोखर राजीनामा दिला आहे त्याच्या वेळी रकाना कोरा ठेवायचा, तर तो कोरा रकानाच सर्व सांगून जातो. खोटे ‘नाही’ लिहिणे तर बँकेची फसवणूक. त्यामुळे राजीनामा, वर्तणूक आणि भवितव्य या तिन्ही रकान्यांत प्रत्येकाच्या बाबतीत एकच वाक्य लिहावे : ‘या स्वरूपाची माहिती कंपनी कोणाही कर्मचाऱ्याबाबत देत नाही.’ बँकेला अधिक हवे असेल, तर तिने ते अर्जदाराकडून घ्यावे. कार्मिक अधिकाऱ्याने हे वाक्य छापील नमुन्यातच घालून घेतले आणि प्रत्येक उत्तराची प्रत संमतिपत्रासह ठेवण्यासाठी एक नोंदवही सुरू केली.