पहिल्या माजाच्या आधी

डोंबिवलीच्या एका फ्लॅटमध्ये माझ्या मावसबहिणीने एकाच विणीतली दोन पिल्लं पाळली आहेत, सोनी नावाची भाटी आणि बंड्या नावाचा बोका. दोघं साडेचार महिन्यांची झाली तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं वजन केलं आणि आता ऑपरेशनची तारीख ठरवा असं सांगितलं. बहीण दचकली. “अहो, ही तर अजून पिल्लंच आहेत. शिवाय सख्खी भावंडं आहेत!”

नातं मांजरांना अडवत नाही. वयात आलेला भाऊ वयात आलेल्या बहिणीवर चढतो आणि पिल्लं होतात. आणि मांजर फार लवकर वयात येतं. बऱ्याच भाट्या सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर येतात, पण काही चौथ्या महिन्यातही येतात. समागम झाला की त्यामुळेच स्त्रीबीज सुटतं, त्यामुळे गर्भ राहण्याची शक्यता मोठी असते. नऊ आठवड्यांत ती विते आणि अंगावर पिणारी पिल्लं असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते.

म्हणून आता पशुवैद्यक पाच महिन्यांच्या आत नसबंदी करायला सांगतात. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने २०१६ साली हीच शिफारस केली आणि पुढे तिथल्या पशुवैद्यकांच्या प्रमुख संघटनेने ती उचलून धरली. निवारागृहांत तर आठ आठवड्यांच्या, किलोभर वजनाच्या निरोगी पिल्लांवरही हे ऑपरेशन केलं जातं. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, म्हणजे मांजर शांत होतं’ या समजाला काही आधार नाही. उलट वाट पाहण्याची किंमत भाटीला मोजावी लागते. मांजरांच्या स्तनांत होणाऱ्या गाठींपैकी बहुतेक कर्करोगाच्याच असतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या भाट्यांमध्ये हा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी असल्याचं आढळलं आहे. दोन वर्षांनंतर ऑपरेशन केलं तर हा फायदा जवळपास उरत नाही. माज थांबवणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं हा पर्याय तर मुळीच नव्हे. त्यांनी गर्भाशयात पू होतो आणि स्तन सुजतात.

तारीख ठरेपर्यंत सोनी माजावर आलीच. रात्रभर घोगऱ्या आवाजात ओरडणं, जमिनीवर लोळणं, मागचा भाग उचलून शेपटी एका बाजूला घेणं. अनेक घरांत हे पाहून मांजराचं पोट दुखतंय असं वाटतं आणि लोक धावत दवाखाना गाठतात. हा माज साधारण आठवडाभर टिकतो आणि समागम झाला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत येतो. माजात गर्भाशयाला रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टरांनी सोनीला आठवडाभर थांबवलं आणि बंड्याला आधी घेतलं. तेवढे दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं होतं, आणि बंड्याचं ऑपरेशन झाल्यावरही ठेवायचंच होतं. बोक्याच्या नळ्यांत आधीचं वीर्य उरलेलं असतं, त्यामुळे तो पुढचे काही आठवडे पिल्लं देऊ शकतो. हे घरी कुणी सांगितलं नाही तर घात होतो.

ऑपरेशनच्या सकाळी माणसासारखं रात्रीपासून उपाशी ठेवण्याची चूक बरेच जण करतात. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर पटकन उतरते आणि अंग गार पडतं. या वयाला साधारण चार तास अन्न बंद ठेवलेलं पुरतं, पाणी तर निघेपर्यंत चालतं. नेमके तास आपल्या डॉक्टरांना विचारावेत. बोक्याचं काम काही मिनिटांचं असतं, वृषण काढून जखम बहुधा टाक्यांशिवायच सोडतात. भाटीचं पोट उघडून अंडाशय आणि बहुधा गर्भाशयही काढतात, त्यामुळे तिला सावरायला जास्त दिवस लागतात.

घरी आणलेलं मांजर पहिल्या रात्री झोकांड्या खातं, डोळे विस्फारलेले असतात आणि कधी डोळे उघडे ठेवूनच पडून राहतं. त्याला जमिनीवर, कोमट आणि अंधाऱ्या जागी ठेवावं, पलंगावर किंवा खिडकीत नाही. पूर्ण जाग आल्यावर नेहमीच्या निम्मंच खायला द्यावं. बंड्याच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी काही दिवस वर्तमानपत्राचे तुकडे घातले, कारण बारीक वाळू उघड्या जखमेत चिकटते. सोनीला गळ्यात कॉलर होती. ती काढून टाकण्याचा मोह फार होतो, पण मांजराची खरखरीत जीभ एका रात्रीत टाके उसवते. दहा ते चौदा दिवस उड्या आणि आंघोळ बंद.

या दिवसांत एका गोष्टीबद्दल मी हात जोडून सांगेन. मांजर कण्हतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही आणि एक गोळीही जीव घेऊ शकते. वेदनाशामक डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलंच द्यावं. जखमेच्या कडेला थोडी लाली आणि वाटाण्याएवढा कडकपणा चालतो. पण हिरड्या पांढऱ्या पडल्या, जखमेतून रक्त किंवा पू आला, वास येऊ लागला, पूर्ण दिवस काही खाल्लं नाही किंवा लघवी झाली नाही, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

सोनी दवाखान्यातून आली तेव्हा बंड्या तिच्यावर फिस्कारला. ओळख वासाची असते आणि तिच्या अंगाला औषधांचा, परक्या जागेचा वास होता. दोन दिवस वेगळं ठेवून, एकीच्या अंथरुणावरचं फडकं दुसऱ्याच्या खोलीत ठेवल्यावर ते मिटलं.

स्वभाव किती बदलतो? माजाचं ओरडणं थांबतं. बोक्यांचं बाहेर भटकणं, रक्त निघेपर्यंत भांडणं आणि भिंतीवर मुताची पिचकारी मारणं बहुतेकांत कमी होतं किंवा सुटतं. पण दहातला एखादा बोका पिचकारी मारतच राहतो, विशेषतः घरात अनेक मांजरं असतील आणि ही सवय आधीच जडलेली असेल तर. खेळकरपणा, लाडीगोडी, उंदीर-पाल पकडणं तसंच राहतं. नसबंदीनंतर काही महिन्यांनी भाटी पुन्हा माजावर आल्यासारखी वागली, तर अंडाशयाचा अंश मागे राहिलेला असू शकतो. ते डॉक्टरांना दाखवावं.

खरा बदल होतो तो भुकेत. खाण्याची इच्छा वाढते आणि शरीराची गरज साधारण पावपट घटते. बहिणीच्या घरी आता कोरडं खाणं वाटीने नाही, वजनकाट्यावर मोजून, दिवसात चार वेळा विभागून दिलं जातं. महिन्यातून एकदा मांजराला कवेत घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. चार किलोच्या मांजराला अर्धा किलो वाढणं म्हणजे साठ किलोच्या माणसाला सात-आठ किलो वाढणं. लठ्ठ बोक्याला लघवी अडकण्याचा धोकाही जास्त, आणि तो ट्रेमध्ये जोर लावून बसला तरी थेंब येत नसेल तर ती तासांची लढाई असते.

तुमच्या घरात तीन-चार महिन्यांचं पिल्लू असेल, तर या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे नेऊन वजन करून घ्या, लशी पूर्ण आहेत ना ते पाहा आणि पाचव्या महिन्याच्या आतली तारीख तिथेच मागून घ्या.