कड्याच्या मधोमध ओढ शून्य

शनीभोवतीच्या कड्यांचं वजन माणसाला 2017 साली पहिल्यांदा नीट मोजता आलं. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात कॅसिनी यान ग्रह आणि कडी यांच्यामधल्या फटीतून 22 वेळा गेलं. तोवर ते बाहेरून फिरत होतं. बाहेरून शनी आणि कडी दोघंही एकाच बाजूला ओढतात, त्यामुळे कोणाची ओढ किती हे वेगळं काढणं फार अवघड होतं. फटीत शिरल्यावर शनी एकीकडे ओढू लागला आणि कडी दुसरीकडे. यानाच्या वेगातल्या बारीक फरकांवरून कड्यांचं वस्तुमान सुमारे 1.5 × 10¹⁹ किलो निघालं.

आता शनीला बाजूला ठेवू. हे सगळं वस्तुमान एक लाख किलोमीटर त्रिज्येच्या एकाच बारीक कड्यात सारखं पसरलं आहे असं धरू. कड्याच्या मध्यातून, त्याच्या पातळीला काटकोनात जाणारी रेषा म्हणजे त्याचा अक्ष. या अक्षावर एक दगड ठेवला, तर कडं त्याला किती जोराने ओढेल?

पुष्कळांचं पहिलं उत्तर असतं की सगळं वस्तुमान मध्यावर गोळा झालंय असं मानायचं आणि न्यूटनचा नियम लावायचा. भरीव गोलाच्या बाहेर हे चालतं, कड्याला चालत नाही. तसं केलं तर मध्याजवळ ओढ अनंत व्हायला हवी. प्रत्यक्षात बरोबर मध्यावर ती शून्य असते, कारण कड्याचा प्रत्येक तुकडा समोरच्या तुकड्याची ओढ रद्द करतो.

दगड अक्षावर थोडा वर सरकवा. दगडापासून कड्यापर्यंतच्या रेषा उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या दिसतील. प्रत्येक काडीच्या दिशेने ओढ आहे. तिचा आडवा भाग समोरच्या काडीमुळे नाहीसा होतो, फक्त अक्षावरचा, मध्याकडे नेणारा भाग उरतो. छत्री जवळजवळ सपाट असताना हा भाग नगण्य असतो. दगड दूर जाईल तशी छत्री मिटत जाते आणि ओढीचा जास्त वाटा कामी येतो. पण त्याच वेळी अंतर वाढल्याने मूळ ओढच कमी होत असते. या दोन गोष्टी एका सूत्रात बसतात:

g = G M x / (R² + x²)^(3/2)

इथे R ही त्रिज्या आणि x हे मध्यापासूनचं अंतर. x शून्य ठेवला की ओढ शून्य येते. मग ती वाढत जाते आणि x = R/√2 इथे, म्हणजे आपल्या कड्यासाठी सुमारे 70,700 किलोमीटरवर, सर्वाधिक होते. त्यापुढे उतरण सुरू. आकडा मांडला तर शिखरावरचं त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे मीटरचा सुमारे 2.6 कोटीवा भाग, पृथ्वीवरच्यापेक्षा जवळजवळ 25 कोटी पटींनी कमी! दगड दहा त्रिज्यांवर नेला की ‘सगळं वस्तुमान मध्यावर’ हे गृहीतक जेमतेम दीड टक्क्याने चुकतं. ते खोटं नाही, फक्त दूरसाठीच आहे.

मला सर्वांत सुंदर वाटतो तो मध्याजवळचा भाग. तिथे ओढ अंतराच्या प्रमाणात वाढते, म्हणून किंचित वर सोडलेला दगड मध्यातून पलीकडे जातो, परत येतो, असा झुलत राहतो. एका हेलकाव्याला लागणारा वेळ 2π√(R³/GM), आपल्या कड्यासाठी सव्वासहा वर्षांच्या थोडा वर. तेवढंच वस्तुमान मध्यावर एका बिंदूत असतं आणि दगड कड्याच्या जागेवरून त्याला प्रदक्षिणा घालत असता, तर एका फेरीला नेमका इतकाच वेळ लागला असता.

पण हा झोका अक्षावरच टिकतो. दगड कड्याच्या पातळीत जरा बाजूला सरकला, की जवळ आलेली कड्याची बाजू जिंकते आणि त्याला आणखी बाहेर खेचते. मध्याजवळ ही बाहेरची ओढ, तेवढ्याच अंतरावरच्या अक्षावरल्या आतल्या ओढीच्या बरोबर निम्मी असते. मध्य एका दिशेने सुरक्षित, दुसऱ्या दिशेने निसरडा.

दगडाच्या जागी शनी ठेवला तरी हेच. लाप्लासने अठराव्या शतकातच दाखवलं होतं की सारख्या जाडीचं घट्ट कडं ग्रहाभोवती टिकणार नाही, कारण जरासं सरकलं की ते ग्रहावर येऊन आदळेल. शनीची कडी मात्र टिकून आहेत. मॅक्सवेलने 1859 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात याचा उलगडा केला: ती घट्ट नसून स्वतंत्रपणे फिरणाऱ्या असंख्य लहान तुकड्यांची असली पाहिजेत. तसं असेल तर आतले तुकडे बाहेरच्यांपेक्षा वेगाने फिरायला हवेत. 1895 साली जेम्स कीलर यांनी कड्यांच्या प्रकाशाच्या वर्णपटातून तो वेग मोजला आणि आतला भाग खरोखरच जास्त वेगाने फिरताना आढळला.